संध्याकाळीच घरघरणारा डबा: एक डायोड, एक कपॅसिटर आणि चार वीकेंड

७ जून २०२५, शनिवार

काका गावाहून येताना पिशवीतून तो डबा घेऊन आले. भजनी मंडळाचा माईक मिक्सर, चार माईकची भोकं, पुढे लाल-हिरव्या दिव्यांची पट्टी, कुणीतरी लोकल बनवलेला, नावबिव काही नाही. तक्रार अशी की "दुपारी एकदम गप्प असतो रे, पण संध्याकाळी हरिपाठाला बसलो की घूंऽऽऽ सुरू, टाळ थांबले की तर जास्तच ऐकू येतं". आषाढी एकादशी ६ जुलैला आहे, त्याच्या आधी पाहिजे म्हणाले. म्हणजे एक महिना आहे, आरामात होईल असं वाटलं.

उघडला. बारा व्होल्टचा, ५०० मिलीअँपचा ट्रान्सफॉर्मर, त्याच्या पुढे एकच ४००७ डायोड, मग १००० मायक्रोफॅरॅड ३५ व्होल्टचा एक कपॅसिटर, मग ७८१२ रेग्युलेटर आणि पुढे ४५५८ वाले ऑप-अँप. ब्रिज नाही. हाफ वेव्ह! बनवणाऱ्याने तीन डायोडचे पैसे वाचवले, तीन डायोडचे, म्हणजे एका कटिंग चहाइतके पण नाहीत.

पहिला संशय सगळ्यांना येतो तोच मला पण आला, कपॅसिटर सुकला असणार. काढून टेस्टरला लावला तर ९८५ दाखवतोय, ईएसआर पण ठीक. म्हणजे कपॅसिटर निर्दोष. डबा चालू करून करंट बघितला, रेग्युलेटरच्या आधी १०० मिलीअँपच्या आसपास, त्यातला बहुतेक दिव्यांच्या पट्टीत जातो, ऑप-अँप बिचारे काहीच खात नाहीत. आणि माझ्या घरी घरघर येतच नाहीये. मीटर लावला तर घरात २३२ व्होल्ट. काकांना फोन करून विचारलं तुमच्याकडे संध्याकाळी किती असतो, तर म्हणाले "स्टॅबिलायझरचा काटा दोनशेच्या थोडा पुढे असतो, पंपं चालू झाली की". बरं. धागा सापडला असं वाटतंय, पण आधी हा सप्लाय नक्की काय करतो ते नीट मोजायचं, नाहीतर मी उगाच मोठा कपॅसिटर ठोकून देणार आणि घरघर तिथेच राहणार.

८ जून, रविवार

आज फक्त कागद. हाफ वेव्हमध्ये डायोड दर सायकलला एकदाच कपॅसिटर भरतो. आपल्याकडे ५० हर्ट्झ म्हणजे २० मिलिसेकंदांतून एकदा. हे अगदी सोसायटीच्या पाण्यासारखं आहे, पालिकेचं पाणी दिवसातून तासभर येतं, तेवढ्यात टाकी भरायची आणि बाकी तेवीस तास सगळं घर टाकीवर. पाण्याची पातळी तासभर चढते आणि दिवसभर हळूहळू उतरते. ही जी चढउतार तीच रिपल.

रिपल किती ते काढायला फार डोकं लागत नाही. लोड १०० मिलीअँप घेतोय, कपॅसिटरमधून २० मिलिसेकंद तेवढा करंट गेला तर व्होल्टेज किती पडेल:

```
ΔV ≈ I × T / C = 0.1 × 0.02 / 0.001 = 2 V
```

दोन व्होल्ट. यात दोन लबाड्या आहेत त्या लिहून ठेवतो. एक, कपॅसिटर पूर्ण २० मिलिसेकंद रिकामा होतो असं धरलंय, खरं तर डायोड चालू असेल तेवढा वेळ तो भरत असतो, म्हणजे खरी रिपल यापेक्षा थोडी कमीच येणार. दोन, करंट स्थिर धरलाय. रिपल पीकच्या मानाने लहान असेल तोपर्यंत हे चालतं, आणि चुकलं तर सुरक्षित बाजूलाच चुकतं, म्हणून सगळे हेच वापरतात. फुल वेव्ह असता तर T च्या जागी १० मिलिसेकंद आले असते आणि रिपल निम्मी.

आता मजेचा भाग. डायोड कधी चालू होतो? ट्रान्सफॉर्मरची साइन वर चढत चढत कपॅसिटरच्या व्होल्टेजच्या वर डायोडच्या ड्रॉपइतकी गेली की. त्याच्या आधी डायोड उलटा बायस्ड, बंद. कपॅसिटर पीकपासून फक्त दोन व्होल्ट उतरलाय, म्हणजे साइन जवळजवळ शिखरावर पोचेपर्यंत डायोड झोपलेला असतो. माझ्या ट्रान्सफॉर्मरचं सेकंडरी लोडशिवाय १३.६ व्होल्ट येतंय (वर बारा लिहिलंय ते पूर्ण लोडवरचं), त्याचं पीक १९.२. मग शिखराच्या किती अंश आधी डायोड उघडतो:

```
cos θ = 1 − ΔV / Vp = 1 − 2 / 19.2 = 0.896
θ ≈ 26°
```

आयडियल सर्किटमध्ये शिखर ओलांडलं की साइन खाली वळते आणि डायोड लगेच बंद होतो, म्हणून एवढाच काळ. ३६० पैकी २६ अंश, वेळेत दीड मिलिसेकंद. आणि या दीड मिलिसेकंदात पूर्ण २० मिलिसेकंदांचा चार्ज भरून घ्यायचाय. म्हणजे डायोड चालू असताना सरासरीच दीड अँपियर, आणि पीक काढायचं सूत्र आहे त्यात घातलं:

```
Ipeak ≈ I × (1 + 2π √(2Vp/ΔV)) = 0.1 × (1 + 2π √19.2) ≈ 2.85 A
```

लोड १०० मिलीअँप आणि डायोडमधून जवळजवळ तीन अँपियरचा झटका! अठ्ठावीस पट. सूत्राप्रमाणे कपॅसिटर मोठा केला की ΔV कमी, कोन आणखी छोटा, झटका आणखी मोठा. कॉलेजात हे सूत्र पाठ करून मार्क घेतले होते, पण खरंच तीन अँपियर येतात का हे कधी बघितलं नव्हतं. पुढच्या शनिवारी बघू.

१४ जून, शनिवार

आज मोजमाप. डब्याला हात न लावता त्याच्यातला ट्रान्सफॉर्मर, डायोड, कपॅसिटर बाहेर टेबलावर जोडले आणि लोड म्हणून १५० ओहमचा पाच वॅटचा पांढरा सिमेंटवाला रेझिस्टर. तेवढ्यासाठी पुण्याच्या बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, पसोड्या विठोबापाशी जाऊन आलो, पार्किंगला जास्त वेळ गेला आणि खरेदीला पाच मिनिटं.

डायोडचा करंट स्कोपवर बघायचा तर वाटेत एक छोटा रेझिस्टर घालून त्याच्यावरचा व्होल्टेज बघावा लागतो. तो कुठे घालायचा हे महत्त्वाचं, कारण स्कोपच्या दोन्ही चॅनलचा ग्राउंड आतून एकच असतो. कपॅसिटरचं निगेटिव्ह आणि सेकंडरीचं खालचं टोक यांच्या मधे घातला, ग्राउंड क्लिप कपॅसिटरच्या निगेटिव्हला, पहिला चॅनल कपॅसिटरच्या पॉझिटिव्हला, दुसरा ट्रान्सफॉर्मरच्या टोकाला. असं केल्यावर करंट उलटा म्हणजे खाली जाणाऱ्या टोचण्या म्हणून दिसतो, तेवढा चॅनल इन्व्हर्ट करायचा. सेकंडरी तरंगती आहे म्हणून क्लिप इथे लावता येते, प्रायमरीच्या बाजूला क्लिप लावायचा विचारसुद्धा करायचा नाही.

आणि इथे पहिली चूक. घरात १ ओहमचा रेझिस्टर होता, तोच घातला, म्हणजे गणित सोपं, एक व्होल्ट म्हणजे एक अँपियर. पल्स दिसला, सुंदर, पीक पाऊण अँपियरच्या जरा वर. तीन नाही! आनंदाने वहीत लिहिलं आणि मग सहज डीसी बघितला तर रेझिस्टर घालण्याआधीपेक्षा अर्धा व्होल्ट कमी. म्हणजे माझा मोजायचा रेझिस्टरच सर्किट बदलतोय. १०० मिलीअँपच्या लोडला एक ओहम म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण करंट १०० मिलीअँपने वाहतच नाहीये ना, तो टोचण्यांनी वाहतोय, आणि टोचणी पाऊण अँपियरची असेल तर तिला तो एक ओहम पाऊण व्होल्टचा खड्डा आहे.

मग ०.१ ओहमचा घातला. आता आकडे:

कपॅसिटरचं वरचं टोक १६.० व्होल्ट, खालचं १४.३, म्हणजे रिपल १.७ च्या जवळ. मल्टिमीटर डीसीला १५.२ दाखवतो. डायोडचा पीक करंट ०.८५ अँपियर. आणि डायोड चालू असतो ३.७ मिलिसेकंद, म्हणजे ६७ अंश, त्यातले ३८ शिखराच्या आधी आणि २९ शिखरानंतर.

रिपलचा अंदाज चांगला निघाला, दोन म्हटलं होतं, १.७ आली, आणि कमी का तेही कळतं, कपॅसिटर २० नाही तर सव्वासोळा मिलिसेकंदच रिकामा होतोय. पण कोन? २६ च्या जागी ६७. करंट २.८५ च्या जागी ०.८५. हे काही दहा-वीस टक्क्यांचं चुकणं नाही. आणि शिखर ओलांडल्यावर २९ अंश डायोड चालूच, हे तर आयडियल सर्किटमध्ये होऊच शकत नाही.

१५ जून, रविवार

रात्रीच कळलं होतं, सकाळी खात्री केली. १ ओहमने जे केलं तेच ट्रान्सफॉर्मरची स्वतःची वायर आधीपासून करत होती. सेकंडरीचा रेझिस्टन्स मीटरवर १.८ ओहम. प्रायमरीचा ४८०, आता हा सेकंडरीकडून बघितला की टर्न्स रेशोच्या वर्गाने भागायचा, २३२ भागिले १३.६ म्हणजे १७, वर्ग २९०, म्हणजे १.६५ ओहम. माझा ०.१ धरून सगळे मिळून साधारण ३.६ ओहम. म्हणजे ०.८५ अँपियरचा पल्स जातो तेव्हा तीन व्होल्ट ट्रान्सफॉर्मरच्या तांब्यातच पडतात! कपॅसिटर शिखरापर्यंत पोचतच नाही, १८.४ च्या जागी १६ लाच अडतो. आणि तो खाली राहतो म्हणून साइन त्याला लवकर गाठते आणि शिखरानंतरही बराच वेळ त्याच्या वर असते, म्हणून डायोड जास्त वेळ चालू, म्हणून पल्स रुंद आणि बुटका. सगळं एकमेकांत अडकलेलं आहे, एका ओळीच्या सूत्रात बसत नाही.

म्हणून थोडं पायथन:

```python
from math import cos, pi
Vp, Vd, R, C, RL = 19.2, 0.85, 3.6, 1000e-6, 150
dt, v, rows = 1e-5, 15.0, []
for n in range(100000):
    i = max(0, (Vp*cos(2*pi*50*n*dt) - Vd - v) / R)
    v += (i - v/RL) / C * dt
    if n >= 98000:
        rows.append((v, i))
vs = [r[0] for r in rows]
cs = [r[1] for r in rows]
print(min(vs), max(vs), max(cs), sum(c > 0 for c in cs) * 0.18)
```

एक सेकंद चालवतो आणि शेवटची सायकल बघतो, १० मायक्रोसेकंदाची एक पायरी म्हणजे ०.१८ अंश, म्हणून शेवटचा गुणाकार. स्कोपवरचे आकडे जवळजवळ तसेच बाहेर आले, १४.३, १६, ०.८५, ६७. R च्या जागी 0.05 टाकलं की पल्स अरुंद होतो आणि पुस्तकातल्यासारखा दोन-तीन अँपियरला जातो. म्हणजे सूत्र खोटं नाही, ते ज्या ट्रान्सफॉर्मरसाठी लिहिलंय तो ट्रान्सफॉर्मर बुधवार पेठेत मिळत नाही एवढंच.

एक खूण सापडली ती लिहून ठेवतो. सेकंडरी स्कोपवर बघितली तर वरचं शिखर चेपलेलं दिसतं आणि खालचं पूर्ण गोल. ट्रान्सफॉर्मरला फक्त एकाच बाजूने लोड आहे ना. दोन्ही शिखरं चेपलेली असतील तर फुल वेव्ह, एकच असेल तर हाफ वेव्ह किंवा मग ब्रिजमधला डायोड उडालेला. डबा न समजता दुरुस्तीला आला तर हे उपयोगी.

आणि ज्यांच्याकडे स्कोप नाही त्यांच्यासाठी, कपॅसिटरवर मल्टिमीटर एसीला लावला तर माझ्याकडे ०.४८ व्होल्ट दाखवलं, त्याला साडेतीनने गुणलं की रिपलची वरपासून खालपर्यंतची उंची मिळते, १.७. करवतीच्या दातासारख्या आकाराला हे चालतं. फक्त स्वस्त मीटर एसी रेंजमध्ये डीसी अडवत नाहीत, ते पंधरा-तीस असं काहीतरी वेड्यासारखं दाखवतात, तेव्हा प्रोबच्या वाटेत एक मायक्रोफॅरॅडचा पॉलिएस्टर कपॅसिटर घालायचा.

२१ जून, शनिवार

मंग्या आलेला. त्याचं म्हणणं "एवढा काय अभ्यास करतोयस, ४७०० चा लाव आणि दे काकांना". मी म्हटलं लावून बघू, पण आधी तू सांग काय होईल. तो म्हणाला रिपल पावपट आणि डायोडचा करंट डबल, कारण कोन अर्धा होणार. सूत्राप्रमाणे बरोबरच बोलला, ΔV पाचव्या हिश्शाच्या आसपास आली तर √ मुळे झटका दुपटीला येतो.

लावला. रिपल १.७ वरून ०.३५. छान. डायोडचा पीक करंट? ०.८५. हललाच नाही! कोन ६७ वरून ६५-६६. मंग्या दहा मिनिटं स्कोपची बटणं दाबत होता की ट्रिगर चुकलाय.

कारण विचार केला तर सोपं आहे. आमच्या सर्किटमध्ये कोन रिपल ठरवतच नाहीये, तो ३.६ ओहम ठरवतोय. साइनचं शिखर डायोडचा ड्रॉप वजा जाता १८.३५, कपॅसिटरची सरासरी १५.३, मधला फरक तीन व्होल्ट, भागिले ३.६, आलं ०.८५. कपॅसिटर कितीही मोठा करा, सरासरी १५.३ च्या आसपासच राहणार कारण दर सायकलला तेवढाच चार्ज तेवढ्याच वायरमधून भरायचाय. फरक एवढाच झाला की पल्स आता शिखराच्या दोन्ही बाजूला सारखा पसरलाय, आधी तो पुढे झुकलेला होता. म्हणजे नियम असा लक्षात ठेवला, रिपल वायरच्या ड्रॉपपेक्षा मोठी असेल तर पुस्तकातलं सूत्र, छोटी असेल तर ट्रान्सफॉर्मरचा रेझिस्टन्स.

"कपॅसिटर मोठा केला तर डायोड उडतो" हे जे ऐकत आलोय ते छोट्या ट्रान्सफॉर्मरला चालू असताना तरी लागू नाही. सुरुवातीच्या झटक्याचं वेगळं, रिकामा कपॅसिटर आणि नेमकं शिखरावर बटण दाबलं तर १८.४ भागिले ३.६ म्हणजे पाच अँपियर. ४००७ चं एकदाच येणाऱ्या झटक्याचं रेटिंग ३० अँपियर आहे, त्यामुळे त्याला काही होत नाही. मोठ्या टोरॉइडला, जिथे वायरचा रेझिस्टन्स ओहमच्या दहाव्या हिश्शात असतो, तिथे मात्र हेच गणित अंगावर येईल.

झटका डायोडला नाही तर ट्रान्सफॉर्मरला महाग पडतो. पल्सचा आरएमएस काढला (वरच्याच कोडमध्ये करंटचे वर्ग बेरीज करून) तर ०.२६ अँपियर. म्हणजे डीसी १०० मिलीअँप घेतोय पण वायर २६० मिलीअँपने तापतेय. ५०० मिलीअँप लिहिलेला ट्रान्सफॉर्मर हाफ वेव्हला खरा दोनशेच्या खालीच धरायचा. वर सेकंडरीतून सरळ डीसी वाहतो तो कोअरला एका बाजूला ढकलतो, त्याने मॅग्नेटायझिंग करंट वाढतो. तास-दीड तासाने ट्रान्सफॉर्मरला हात लावला तर चांगलाच कोमट, लोड वॅट-दीड वॅटचा असताना.

२२ जून, रविवार

आता गावची संध्याकाळ घरात आणायची. मंग्याच्या ओळखीच्या वाइंडिंगवाल्याकडून मेन्सचा व्होल्टेज हवा तसा कमी-जास्त करणारा डिमरस्टॅट आणला, उचलून तीन जिने चढताना जीव गेला. (हा आयसोलेशन देत नाही, आतून एकच वाइंडिंग असतं, आपला ट्रान्सफॉर्मर पुढे आहे म्हणून बरं.) सगळं परत डब्यात बसवलं, मूळ १००० चाच कपॅसिटर, आणि २३२ वरून हळूहळू खाली.

२२० ला आली घरघर. बारीक. २०५ ला भरपूर, अगदी काकांनी फोनवर तोंडाने काढून दाखवली होती तशीच.

स्कोपवर २०५ ला कपॅसिटरचं खालचं टोक १२.६ व्होल्ट. ७८१२ ला बारा द्यायला आत पावणेचौदाच्या आसपास लागतात या करंटला, डेटाशीटमध्ये एक अँपियरला दोन व्होल्टचा ड्रॉपआउट दिलाय, करंट कमी म्हणून थोडा कमी. म्हणजे २३२ ला खालचं टोक १४.३, वाचलं, जेमतेम अर्धा व्होल्ट शिल्लक. २०५ ला दर सायकलचा शेवटचा भाग रेग्युलेटरचा हात सुटतो आणि आउटपुट कपॅसिटरच्या मागे मागे खाली घसरतं, अकराच्या जवळ जाऊन परत वर. सेकंदाला ५० वेळा. तीच घूं.

मीटरने बघितलं असतं तर काय दिसलं असतं? कपॅसिटरवर साडेतेरा, आउटपुटवर साडेअकरा-पावणेबारा. दोन्ही आकडे बघून माणूस म्हणेल "थोडं कमी आहे पण चालेल". सरासरी चांगली दिसते, मारतो तो खड्डा. रेग्युलेटरच्या आधी सरासरी बघायचीच नाही, खालचं टोक बघायचं आणि तेही सर्वात वाईट मेन्सला.

मंग्याला बोललो आता तुझा ४७०० लावतो. लावला. २०५ ला खालचं टोक १३.३. घरघर कमी झाली पण गेली नाही! कारण सरासरीच १३.५ आहे, रिपल शून्य केली तरी पावणेचौदा येणार नाहीत. दोन आठवड्यांपूर्वी मी हाच कपॅसिटर ठोकून काकांना डबा परत दिला असता, माझ्या घरी तर तो शांतच होता.

२८ जून, शनिवार

मग ब्रिज. इतके दिवस बनवणाऱ्याला शिव्या दिल्या, तीन डायोड वाचवले म्हणून, आता स्वतः चार लावून बघतो. कपॅसिटर १०००, मेन्स २०५.

खालचं टोक १३.१. हाफ वेव्हला १२.६ होतं. फक्त अर्धा व्होल्ट वाढला. रिपल निम्म्याहून खाली आली, पल्स दुप्पट वेळा आणि बुटके झाले म्हणून वायरमधला ड्रॉप पण कमी झाला, पण दर वेळी वाटेत एकाऐवजी दोन डायोड, त्यांनी मिळवलेलं बरंचसं खाल्लं. घरघर आता १०० हर्ट्झची, सूर एक सप्तक वर गेला, पेटीवाले काका ओळखतील लगेच. ट्रान्सफॉर्मर मात्र स्पष्ट थंड राहिला, तेवढा फायदा खरा, कोअरमधला डीसी गेला आणि आरएमएस पण घसरला.

म्हणजे बनवणाऱ्याने चूक डायोडमध्ये केलीच नव्हती. चूक अशी की १२ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर ७८१२ लावला. पीक १७ येतं, १७ वजा १२ पाच व्होल्ट शिल्लक, असा हिशोब त्याने केला असणार, आणि त्यातून डायोड ०.८५, वायरचा ड्रॉप तीन, रिपल दीड-दोन, मेन्सचे दहा-बारा टक्के हे वजा करायचे राहिले.

पर्याय दोन. १५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घालायचा, पण डब्यात तेवढी जागा नाही, किंवा बारा व्होल्टचा हट्ट सोडायचा. ४५५८ ला नऊ व्होल्ट चालतात, माईकचा सिग्नल मिलिव्होल्टमध्ये, बाहेर जाणारा एक-दीड व्होल्ट, हेडरूम पुष्कळ. ७८०९ घातला. त्याला आत पावणेअकरा-अकरा पुरतात आणि आपलं खालचं टोक २०५ ला सुद्धा १२.६, तेही जुन्याच एका डायोडवर आणि जुन्याच १००० वर.

डिमरस्टॅटने खाली नेत गेलो. २०० शांत. १९० शांत. १८० च्या थोडं खाली गेल्यावर पहिली घूं.

ब्रिज तसाच ठेवला, ट्रान्सफॉर्मर थंड राहतो म्हणून. कपॅसिटर पण १००० चाच ठेवला, ४७०० नाही, खालचं टोक पुरेसं असताना मोठा कपॅसिटर घालून काही मिळत नाही. ७८०९ आता जास्त व्होल्टेज पचवतो, २३२ ला सहा-साडेसहा व्होल्ट, म्हणजे अर्ध्या वॅटच्या आसपास, म्हणून त्याला ॲल्युमिनियमची एक पट्टी बांधली.

७ जुलै, सोमवार

काल एकादशी झाली. सकाळी काकांचा फोन, "घरघर गेली. पण दिवे मंद झाले रे, आधी कसे लखलखायचे".

हे लक्षातच नव्हतं आलं. दिव्यांच्या पट्टीत प्रत्येक एलईडीला वेगळा रेझिस्टर आहे, सप्लाय १२ चा ९ झाला, एलईडीचे दोन वजा केले तर दहाच्या जागी सात व्होल्ट उरले, म्हणजे दिव्यांचा करंट सत्तर टक्क्यांवर. पूर्ण डबा आता १०० ऐवजी ७० मिलीअँप घेत असणार आणि ΔV च्या सूत्रात I वरच असतो, म्हणजे रिपलपण तेवढीच कमी आणि खालचं टोक आणखी वर. रेझिस्टर बदलून दिवे परत लखलखीत करता येतील, मग हे सगळं परत उलट.

काकांना म्हटलं पुढच्या खेपेला डबा घेऊन या, बघतो. ते म्हणाले "राहू दे, रात्री डोळ्यावर यायचे".

डिमरस्टॅट अजून माझ्या घरातच आहे, तीन जिने उतरवायचाय.